तिथीची पाऊणपट

ज्याने आजवर चार ओळीदेखील लोकांपुढे ठेवलेल्या नाहीत, आणि ज्याच्या लेखनाची वाट पाहणारी माणसे एका खोलीत सहज मावतील इतकीच आहेत, अशा मनुष्याने कोणता विषय निवडावा आणि त्या विषयाला कोणत्या बाजूने हात घालावा, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार पुढील पानांत केलेला आहे. प्रस्तावनेचा आरंभ तत्त्वचर्चेने करण्याचा रिवाज असला तरी तो मी येथे बाजूस ठेवतो. कारण माझ्या शेजारी, माहीमच्या किनाऱ्यालगत, मोरी रोडच्या बाजूस राहणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलीने हाच प्रश्न गेल्या दोन वर्षांत स्वतःपुरता कसा सोडवला हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्या हकिकतीत जे तपशील आहेत त्यांच्याइतके बोलके असे मला दुसरे काही सुचत नाही.

लिहावयास निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक असा की, जे आवडते त्यावर लिही. आणि दुसरा असा की, लोकांना जे हवे आहे त्यावर लिही. हे दोन्ही सल्ले मी तरुणपणी मनापासून मानले आणि दोहोंनी मला एकाच जागी आणून सोडले. मला मुंबईचा इतिहास आवडत असे आणि लोकांनाही तो हवा असे, म्हणून मी मुंबईच्या इतिहासावर लिहू लागलो. परंतु आयुष्याची बहुतेक वर्षे या शहरात काढलेल्या गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध करून, आणि त्यांच्यामागून आलेल्या अनेक व्यासंगी लेखकांनी, जे लिहून ठेवले होते त्यापेक्षा निराळे असे माझ्या पदरी काहीच नव्हते. माझी सहा टिपणे वाचून स्नेह्यांनी ‘छान’ म्हटले, सातव्याच्या वेळी काही जणांनी तेही म्हटले नाही, आणि आठवे मी लिहिले नाही. आवड आणि मागणी या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझ्यापाशी नव्हती ती उभे राहावयाची जागा, म्हणजे जेथून मला इतरांना न दिसणारे काही दिसत आहे असे ठिकाण.

ही जागा म्हणजे काय, याचा एक जुना दाखला मुंबईच्याच वृत्तपत्रसृष्टीत सापडतो. १८४८ साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून गोपाळ हरि देशमुख हे लोकहितवादी या नावाने पत्रे लिहू लागले. त्यांचा विषय पाहावयास गेले तर अवघा समाज होता, आणि इतका विस्तीर्ण विषय नवख्या लेखकास बुडवल्याशिवाय राहत नाही. परंतु त्यांनी बोलण्याची जागा पक्की धरली. सरकारी नोकरीमुळे नवा अंमल आतून पाहणारा एक मनुष्य स्वजनांशी, त्यांच्याच दोषांविषयी, पत्ररूपाने बोलतो आहे, हा एकच बंध शंभरांहून अधिक पत्रांत टिकून राहिला. विषय आणि बाजू या दोन निरनिराळ्या निवडी आहेत, असे मी म्हणतो ते या अर्थाने. विषयाची हद्द रुंद असली तरी एक वेळ निभावते. बाजू ठरलेली नसली तर मात्र पाव मैलाच्या हद्दीतला विषयदेखील हाताबाहेर जातो.

आता त्या मुलीची हकिकत. तिला समुद्रावर लिहावयाचे होते. लहानपणापासून खिडकीतून समुद्र दिसत आलेला, भौतिकशास्त्राचा अभ्यास चाललेला, आणि लिहिण्याची हौस. वाचक म्हणाल तर बेचाळीस. त्यांत इमारतीतील बिऱ्हाडे, आईच्या भिशीतल्या बायका, कोळीवाड्यातील दोन ओळखीची घरे, दादर-परळचे नातलग आणि आमच्यासारखे दोघे-तिघे वृद्ध. भ्रमणध्वनीवरून ती त्यांना दर रविवारी एक टिपण धाडी. पहिले टिपण समुद्राच्या महत्त्वावर होते, दुसरे किनाऱ्यावरील कचऱ्यावर, तिसरे माहीमच्या किल्ल्यावर. तिन्ही शुद्ध आणि नेटकी होती. तिन्हींना ‘छान’ असा अभिप्राय आला, आणि तो पाहून ती हिरमुसली याचे मला मनातून बरे वाटले. कारण निव्वळ स्तुती आली आणि पाठोपाठ एकही प्रश्न आला नाही, तर ती निवड चुकल्याची पहिली खूण समजावी, हे तिच्या आपणहून ध्यानात येत होते.

“काका, वाचतात सगळे, पण पुढे कोणी काही बोलतच नाही,” ती म्हणाली.

मी तिला तिचेच कचऱ्यावरचे टिपण काढावयास सांगितले आणि त्यातील ‘माहीम’ हा शब्द जेथे जेथे आला होता तेथे तेथे बोट ठेवून त्या जागी ‘रत्नागिरी’ वाचून पाहण्यास सांगितले. एका वाक्यासही धक्का लागला नाही. मग ‘अलिबाग’ वाचले, तरीही नाही. ही परीक्षा फार सोपी आहे आणि मी ती आजही स्वतःच्या लेखनावर चालवतो: गावाचे नाव बदलले असता जो मजकूर जसाच्या तसा उभा राहतो, त्यात लिहिणाऱ्याने उभे राहण्याची जागा निवडलेलीच नसते. दुसरी परीक्षा तीस मथळ्यांची. पुस्तक न उघडता, एका बैठकीत, निवडलेल्या विषयावरचे तीस मथळे कागदावर उतरवावेत. समुद्रावर तिला अकरा सुचले आणि त्यांतील आठ शाळेच्या निबंधवहीतले निघाले. इतका मोठा विषय आणि इतके थोडे मथळे, याचे तिला नवल वाटले; परंतु असेच होते. मोठ्या विषयाच्या दारात उभे राहून आत पाहिले तर बहुधा सर्वांना दिसणाऱ्या त्याच चार वस्तू दिसतात.

यानंतर तिने जे केले ते या पुस्तकाचे बीज आहे. तिने दोन आठवडे एकही टिपण धाडले नाही आणि एक नोंदवही घातली. वहीत चार रकाने होते: तारीख, विचारणारा कोण, त्याचे शब्द जसेच्या तसे, आणि आज त्याला हे उत्तर कोण देते. समुद्रासंबंधाने कोणीही काहीही विचारले, मग ते तिला उद्देशून असो वा मासळीवालीला, ते त्या वहीत जाई. शब्द जसेच्या तसे घेण्याचा कटाक्ष मी धरावयास लावला होता. कारण ‘भरतीच्या वेळांविषयी जिज्ञासा’ असे आपण आपल्या भाषेत लिहून घेतले की विचारणाऱ्याची निकड नाहीशी होते, आणि बाजू सापडावयाची असते ती नेमकी त्या निकडीत. तिच्या वहीतील काही नोंदी मला अद्याप आठवतात. सकाळी फिरावयास जाणारे एक गृहस्थ: “काल आलो तर चालायला वाळू होती, आज पाणी भिंतीला. हे कळायचं कसं?” खालच्या मजल्यावरील बाई, मासळीवालीला: “गेल्या आठवड्यात बोंबील एवढे होते, आता कुठे गेले?” मासळीवालीचे उत्तर: “भांग हाय बाय.” रखवालदार, जुलैतल्या एका दुपारी: “पाऊस थांबला तरी गल्लीतलं पाणी का उतरत नाही?” दोन आठवड्यांत सत्तावीस नोंदी झाल्या, आणि त्यांची मोजदाद केली तेव्हा एकोणीस नोंदी फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येत होत्या: पाणी कधी चढते आणि कधी उतरते. चौथ्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी रेघ होती. भरती-ओहोटीची छापील कोष्टके सरकारी दप्तरात होती, वर्तमानपत्रात वेळा येत होत्या, कोळ्यांना त्या उपजत ठाऊक होत्या. पण कोष्टकातील आकड्यापासून त्या गृहस्थांच्या चालण्यापर्यंत कोणी पोहोचवून देत नव्हते. तिची जागा तेथे रिकामी होती.

त्या दिवसांत कोळीवाड्यातील एका वृद्ध मावशींनी तिला कोकणकिनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि सहा तासांच्या अंतराने, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा सुरू करावयाची. याचे कारण असे की, चंद्र दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. पाऊण तासाचा ठोकताळा त्याच्या जवळपास जातो.

तिने हा हिशेब तसाच्या तसा लोकांना सांगितला असता तर ते एक गमतीचे टिपण झाले असते आणि तेथेच संपले असते. परंतु ती पंधरा दिवस, रेतीबंदराच्या बाजूस भिंतीवर खडूने खूण करून, पाणी सर्वांत वर कधी येते हे पाहत राहिली आणि आपल्या वेळेची रुजवात एका बाजूने पाऊणपटीशी व दुसऱ्या बाजूने छापील कोष्टकाशी घालत गेली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ठोकताळा अर्ध्या तासाच्या आत बसला; अष्टमी-नवमीला मात्र फरक वाढला. प्रथम तिला आपलीच चूक वाटली. मग तिने महाविद्यालयातील पुस्तकांत शोध घेतला, तेव्हा उलगडा झाला: पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच पुढे जाते, आणि अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत तीच एक तासाहूनही अधिक सरकते; पाऊणपट सर्व दिवसांना एकाच मापाने मोजते, म्हणून ती मधल्या तिथींना चुकते. माहीमच्या भिंतीवरील खूण, मावशींचा ठोकताळा आणि ग्रंथातील कारण, या तीन गोष्टी त्या टिपणात प्रथमच एकत्र आल्या, आणि गावाचे नाव बदलून ते टिपण वाचणे आता शक्य नव्हते.

तिचा मथळाही आता बदलला. ‘भरती-ओहोटीचे शास्त्र’ असा तो असता तर विषय तोच राहूनही बाजू हरवली असती. तिने लिहिले: ‘या आठवड्यात किनाऱ्यावर कधी चालता येईल’. सात दिवस, सात ओळी, प्रत्येक ओळीत तिथी आणि वाळू उघडी असण्याची वेळ. खाली दोन परिच्छेदांत ठोकताळा, त्याची चूक आणि चुकीचे कारण. वेळा कोष्टकातून घेतल्याचे तिने स्पष्ट नमूद केले, आणि पाण्यात उतरणाऱ्याने अथवा होडी काढणाऱ्याने पाऊणपटीवर विसंबू नये असेही लिहिले. ते मला विशेष आवडले, कारण लोक ज्यावर पाऊल टाकणार आहेत असा मजकूर देणाऱ्यावर ती जबाबदारी असतेच. बेचाळीसांपैकी पाच जणांचे उत्तर आले. एकानेही ‘छान’ म्हटले नाही. तिघांनी पुढचा प्रश्न विचारला, एका आजोबांनी तिची एक तिथी चुकल्याचे दाखवले, आणि एका बाईंनी आपण पाहिलेली वेळ कळवली. वाचक हजारो असते तर ही पाच उत्तरे गर्दीत हरवली असती. बेचाळीसांत प्रत्येकाचे घर ठाऊक असते, संध्याकाळी जाऊन त्याला आणखी विचारता येते. अल्प वाचकवर्गाकडे उणीव म्हणून पाहण्याची आपली सवय मला म्हणूनच पटत नाही. निवड करावयाच्या काळात तो फार उपयोगी पडतो, आणि पुढे वाचक वाढले की ती सोय परत मिळत नाही.

यापुढची टिपणे वहीतून आपोआप निघत गेली. बोंबिलांचा प्रश्न तिने घेतला तेव्हा ‘भांग’ या शब्दाचा अर्थ सांगून ती थांबली नाही. बोंबील मुख्यतः डोलीच्या जाळ्यात मिळतात. डोल ही प्रवाहाच्या तोंडाशी रोवून ठेवलेली लांबट पिशवी, तिच्यात मासे येतात ते पाण्याच्या ओढीबरोबर. अष्टमीच्या आसपास ओढ मंदावते, म्हणून डोलकऱ्यांचे हात रिकामे राहतात आणि बाजारात टोपली हलकी दिसते. ज्या बाईंनी प्रश्न विचारला होता त्या यानंतर तिथी पाहून बाजारास जाऊ लागल्या. रखवालदाराच्या प्रश्नाचे उत्तर त्याहून गंभीर होते. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची बरीच मुखे समुद्राच्या भरतीखाली जातात आणि तेवढा वेळ पाण्याला बाहेर पडावयास वाट नसते. म्हणून साडेचार मीटरांहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या आठवणी मिठीच्या मुखाशी राहणाऱ्या आमच्या माहीमकरांच्या मनात अजून ओल्या आहेत. तिने त्या यादीतील दिवस घेऊन एवढेच दाखवले की, मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, दुपारी बारा ते दोनच्या सुमारास येते, आणि त्या दोन तासांत जोराचा पाऊस पडला तर मुलांना शाळेतून आणावयास निघणाऱ्यांनी कोणता अंदाज ठेवावा.

सहाव्या आठवड्यात मात्र विषय आटला. भरतीविषयी सांगण्यासारखे जे होते ते सांगून झाले, आणि दर रविवारी सात ओळींचे कोष्टक तेवढे उरले. संकोचलेल्या विषयाची ही मर्यादा खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. या वळणावर बहुतेक नवे लेखक विषय ओढून मोठा करतात: माहीमच्या भरतीवरून जगातील भरतींवर जातात, आणि पुन्हा त्याच ‘छान’पाशी येऊन ठेपतात. तिलाही तो मोह झाला होता. मी तिला किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली. १९२० साली तेथे ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती एका कारखान्याची वार्ता म्हणून. कारखान्याशी संबंध असलेली माणसे हाच तिचा आरंभीचा परिवार. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली त्याच घरातून ‘स्त्री’ निघाले. नांगरावरून सर्व यंत्रशास्त्रावर जाण्याची वाट शंकरराव किर्लोस्करांना मोकळी होती. तिच्याऐवजी त्यांचे लेखन नांगर विकत घेणाऱ्याच्या घरात शिरले, आणि त्या घरातील इतर माणसांशी बोलू लागले. विषय आटला तर वाचक तोच ठेवावा आणि त्याचा शेजारचा प्रश्न घ्यावा, हा धडा मी त्यातून घेतला आहे. मुलीने वही उघडून भरतीबाहेरच्या आठ नोंदी काढल्या, आणि त्यांतून जून-जुलैतील मासेमारी बंदीच्या काळात बाजारात येणारी मासळी कोठून येते, हे पुढचे प्रकरण सुरू झाले.

एक निवड तिने करून सोडूनही दिली, तिचा उल्लेख केला पाहिजे. मासळीचे रोजचे भाव द्यावेत अशी अनेकांची मागणी होती, आणि मागणी खरी होती. त्यासाठी पहाटे पाचला ससून डॉक गाठावयाचा, लिलावात उभे राहावयाचे, परत येऊन नऊचे महाविद्यालय गाठावयाचे. तिने हे दोनदा केले. एका टिपणास किती तास लागतात याचा जमाखर्च आम्ही मांडला तेव्हा भावाच्या एका टिपणास सहा तास पडत होते आणि भरतीच्या टिपणास, खिडकी व भिंत घरापाशी असल्यामुळे, दीड. ज्या विषयाचे साहित्य लेखकाच्या रोजच्या वाटेवर पडलेले नाही, तो विषय कितीही मागणीचा असला तरी नवख्याने पहिल्या वर्षी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या पुस्तकातील दुसरे प्रकरण सर्वस्वी या जमाखर्चाला वाहिलेले आहे.

आज तिचे वाचक बेचाळीसांचे एकशे दहा झाले आहेत. मी हे लिहीत असताना तिच्या वहीत एक नवी नोंद पडली आहे, आणि चौथ्या रकान्यात रेघ आहे. रखवालदारानेच विचारले: “पावसाळ्यात इथली वाळू जाते कुठे, आणि दिवाळीनंतर परत येते कशी?” तिने भिंतीवर पाण्याच्या खुणेखाली वाळूची दुसरी खूण केली आहे, आणि दर अष्टमीच्या ओहोटीला, पट्टी घेऊन, ती खुणेपासून वाळूपर्यंतचे अंतर लिहून ठेवते. आतापर्यंत तीन अष्टम्या झाल्या आहेत.